मास्टर चार्ट उघडून बघा: पीजी गाइड आणि एथिक्स कमिट्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांचे पीजी गाइड, संशोधन समित्यांचे अध्यक्ष आणि एथिक्स कमिट्यांचे सदस्य-सचिव यांस,

स.न.वि.वि.

थिसिस जमा करायचे दिवस आले की कॉलेजात एकच प्रश्न ऐकू येतो, "सिमिलॅरिटी किती आली?" दहा टक्क्यांच्या आत आली की रेसिडेंट सुटकेचा श्वास टाकतो, गाइड सही करतात, बाइंडिंगवाल्याकडे गर्दी होते. युजीसीने २०१८ साली वाङ्मयचौर्याबद्दल नियम केले, त्यात दहा, चाळीस आणि साठ टक्क्यांचे टप्पे घातले, आणि तेव्हापासून प्रामाणिकपणा म्हणजे हा टक्का असे समीकरण आपल्या डोक्यात बसले आहे. मी जैवसांख्यिकी शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या थिसिसांतला शब्द न् शब्द विद्यार्थ्याचा स्वतःचा असू शकतो आणि तरी त्यातला एकही रुग्ण खरा नसू शकतो. सॉफ्टवेअर वाक्ये तपासते. रुग्ण तपासत नाही.

माझी मागणी एकच आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. थिसिसच्या शेवटी जोडलेला मास्टर चार्ट, म्हणजे एका ओळीत एक रुग्ण असलेला तो लांबलचक तक्ता, आपण एक्सेल फाइल म्हणून मागून घ्यावा आणि सही करण्यापूर्वी उघडून बघावा. छापील नको, पीडीएफही नको. हे का मागते आणि फाइलमध्ये बघायचे काय, ते खाली लिहिते.

जपानमधले भूलतज्ज्ञ योशिताका फुजी यांचे प्रकरण भूलशास्त्र विभागातल्या मंडळींना ठाऊक असेल. ऑपरेशननंतर होणाऱ्या मळमळ-उलटीवर ग्रॅनिसेट्रॉन आणि त्याच्या जोडीची औषधे किती गुणकारी, यावर त्यांनी नव्वदच्या दशकापासून चाचण्यांमागून चाचण्या छापल्या. सन २००० मध्ये पीटर क्रांके आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी 'अनेस्थेशिया अँड अनाल्जेसिया' या जर्नलला पत्र लिहिले. फुजी यांची आकडेवारी विश्वास बसू नये इतकी छान आहे, असे त्या पत्राच्या मथळ्यातच म्हटले होते. त्यांच्या डोळ्यांत भरली ती डोकेदुखी. दुष्परिणामांच्या तक्त्यात डोकेदुखी झालेल्या रुग्णांची संख्या एकामागून एका लेखात सगळ्या गटांत सारखीच येत होती. औषध कुठलेही असो, डोस कितीही असो, या गटात दोघांचे डोके दुखले तर त्या गटातही दोघांचेच. प्रत्यक्ष वॉर्डात असे होत नाही. एका गटात एक, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात एकही नाही, असा वेडावाकडा हिशेब लागतो.

पत्र छापले गेले, फुजी यांचे उत्तरही छापले गेले आणि विषय तिथेच थांबला. पुढची बारा वर्षे त्यांचे लेख येत राहिले. मला या प्रकरणातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त बोचते. शंका घेणारे होते, शंका लेखी होती, नामांकित जर्नलमध्ये होती. पण "मूळ नोंदी दाखवा" असे म्हणण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता, त्या संस्थांनी तो वापरला नाही.

अखेर २०१२ साली इंग्लंडच्या टॉर्के इथल्या रुग्णालयातले भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी फुजी यांच्या १६८ चाचण्यांचे गणित मांडले. कार्लाइल सांख्यिकीचे प्राध्यापक नव्हेत, रोज रुग्णांना भूल देणारे डॉक्टर. त्यांनी औषधाचा परिणाम किती झाला याकडे पाहिलेच नाही. पाहिला तो प्रत्येक लेखातला पहिला तक्ता, चाचणी सुरू होताना दोन्ही गटांतल्या रुग्णांचे वय, वजन, उंची सांगणारा. आपण तो वाचताना पान उलटतो.

त्यामागचे तर्कशास्त्र फार अवघड नाही. रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झाली असेल तर दोन गटांत जो काही फरक पडतो तो फक्त नशिबाने पडतो, आणि नशिबाचा हिशेब मांडता येतो. समजा दोन्ही गटांत पन्नास-पन्नास रुग्ण आहेत आणि वजनाचे प्रमाण विचलन, म्हणजे एसडी, दहा किलो आहे. मग दोन गटांच्या सरासरी वजनातल्या फरकाची प्रमाण त्रुटी निघते दोन किलो. याचा अर्थ असा की अशी विभागणी पुन्हा पुन्हा केली तर साधारण तीनातून एकदा सरासरीतला फरक दोन किलोंहून जास्त येईल. दोनशे ग्रॅमपेक्षा कमी फरक येण्याची शक्यता आहे फक्त आठ टक्के. एका ओळीत असे झाले तर काहीच बिघडत नाही. पण वय, वजन, हिमोग्लोबिन, ऑपरेशनचा कालावधी अशा सहा स्वतंत्र गोष्टी ओळीने इतक्या तंतोतंत जुळत असतील तर ती शक्यता कोटीत अडीच इतकी उरते. आणि असे तक्ते एकाच माणसाच्या लेखामागून लेखात येत असतील तर शक्यता वगैरे शब्द वापरण्यातही अर्थ राहत नाही. आकडे रचणाऱ्याला वाटते की दोन्ही गट सारखे दिसले पाहिजेत, म्हणून तो ते सारखे करतो. किती सारखे झाले की जास्त सारखे होतात, याचा अंदाज माणसाच्या मनाला नसतो.

जपानच्या भूलतज्ज्ञ संघटनेने मग चौकशी समिती नेमली. तिने २१२ लेख तपासले. त्यांपैकी १७२ लेखांत आकडे बनवलेले आढळले, ३७ लेखांबद्दल निर्णय करता आला नाही आणि जे ठीक आहेत असे म्हणता आले ते लेख होते ३. कुणीतरी टेबलाशी बसून संशोधनाच्या कल्पनेवर कादंबरी लिहावी तसे हे काम आहे, असे समितीने अहवालात म्हटले. त्याआधीच तोहो विद्यापीठाने त्यांना काढून टाकले होते. त्यासाठी पुरलेले कारण तुमच्या कमिटीच्या रोजच्या कामातले आहे: विद्यापीठाने पाहिलेल्या नऊ अभ्यासांपैकी आठांना एथिक्सची मंजुरीच नव्हती. मंजुरीचे पत्र मागितले, ते मिळाले नाही, इतकेच.

पण पहिल्या तक्त्याच्या या परीक्षेवर कुणाला फाशी देऊ नका, हेही त्याच दमात सांगायला हवे. कार्लाइल यांनी २०१७ मध्ये आठ जर्नलांतल्या पाच हजारांहून अधिक चाचण्यांवर हीच पद्धत लावली. त्यात जे तक्ते विचित्र दिसले त्यांत स्पेनमधली प्रेडिमेड ही मोठी चाचणी होती, भूमध्यसागरी आहार आणि हृदयरोग यांच्यावरची, 'न्यू इंग्लंड जर्नल'ने २०१३ साली छापलेली. संशोधकांनी स्वतः मागे जाऊन तपासले. काही केंद्रांवर एकाच घरातल्या दुसऱ्या माणसाला वेगळी चिठ्ठी न काढता पहिल्याच्याच गटात टाकले होते आणि एका ठिकाणी माणसांऐवजी आख्खे दवाखानेच गटांत वाटले होते. यात लबाडी नव्हती, विभागणीच्या कामात ढिलाई होती. २०१८ मध्ये लेख मागे घेतला गेला आणि दुरुस्त विश्लेषणासह त्याच जर्नलमध्ये पुन्हा छापला गेला. आपल्याकडे तर याहून साधी कारणे सापडतात. एसडीच्या जागी प्रमाण त्रुटी लिहिली, वय पूर्णांकात लिहिले म्हणून दोन्हीकडे ४२ दिसले, वजन आणि बीएमआय स्वतंत्र धरले. म्हणून विचित्र तक्ता दिसला की निकाल द्यायचा नाही, फाइल मागायची.

फाइल मागितल्याने काय होते याचाही आकडा आहे, आणि तो वाचल्यावरच मी हे पत्र लिहायला बसले. 'अनेस्थेशिया' या ब्रिटिश जर्नलकडे २०१७ ते २०२० दरम्यान छापण्यासाठी आलेल्या ५२६ चाचण्या कार्लाइल यांनी तपासल्या. ज्यांची फक्त हस्तलिखिते हातात होती, त्यांपैकी दोन टक्क्यांत त्यांना खोटे आकडे ओळखता आले. ज्या १५३ चाचण्यांची रुग्णवार फाइल मिळाली, त्यांत हे प्रमाण निघाले ४४ टक्के. या फाइली सरसकट मागितल्या नव्हत्या, काही संशय आला म्हणूनही मागवल्या होत्या, त्यामुळे दोन आकड्यांची थेट तुलना करू नये. तरीही अंतर बोलके आहे. सारांशाचे तक्ते कुणालाही नीटनेटके मांडता येतात. दीडशे रुग्णांच्या वीस-वीस नोंदी खऱ्यासारख्या रचायला फार कष्ट पडतात, आणि ते कष्ट वाचवण्यासाठी माणूस कॉपी-पेस्ट करतो.

हे इजिप्तच्या बेन्हा विद्यापीठातून आलेल्या आयव्हरमेक्टिनच्या अभ्यासात उघडपणे दिसले. कोविडवर हे औषध जबरदस्त चालते असे सांगणारा तो लेख 'रिसर्च स्क्वेअर'वर होता, अजून जर्नलमध्ये छापलेला नव्हता, तरी त्याचे आकडे जगभरच्या मेटा-अनॅलिसिसमध्ये गेले होते. लंडनमधल्या जॅक लॉरेन्स या वैद्यकीय विद्यार्थ्याला वर्गाच्या एका असाइनमेंटमध्ये तो वाचायचा होता. लेखकांनी मूळ फाइल एका संकेतस्थळावर कुलूप लावून ठेवली होती. त्याने थोडे पैसे भरले, पासवर्ड ओळखला (तो 1234 होता) आणि फाइल उघडली. अभ्यास सुरू झाल्याची जी तारीख लेखात होती, तिच्या आधीच मेलेले रुग्ण आत होते. पुढे निक ब्राउन यांनी तीच फाइल चाळली तर रुग्णांच्या ओळींचे गठ्ठेच्या गठ्ठे खाली पुन्हा चिकटवलेले, मधे एखाद-दुसरा आकडा बदललेला. जुलै २०२१ मध्ये लेख काढून टाकला गेला. औषध आपल्याकडेही किती खपले ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून मास्टर चार्ट उघडल्यावर मी आधी तारखा बघते. एथिक्स मंजुरीच्या आधी दाखल झालेला रुग्ण आहे का? चाचणी असेल तर सीटीआरआय नोंदणीच्या आधीचा आहे का? नियोजित शस्त्रक्रियांचा अभ्यास असताना रविवारी किंवा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ओळीने केस झालेल्या आहेत का? मग ओळींची पुनरावृत्ती. वय, लिंग, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन हे चारही तंतोतंत सारखे असलेले दोन रुग्ण शंभरांत क्वचित सापडतील, दहा जोड्या सापडल्या तर थांबायचे. त्यासाठी दोन रिकाम्या स्तंभांत ही सूत्रे टाकून खाली ओढली की पुरते, स्तंभांची अक्षरे तुमच्या फाइलप्रमाणे बदलून घ्या:

```
=WEEKDAY(B2)
=COUNTIFS(C:C,C2,D:D,D2,E:E,E2,F:F,F2)
```

पहिल्यात १ आला तर तो रविवार. दुसऱ्यात १ पेक्षा मोठी संख्या आली तर तशीच दुसरी ओळ फाइलमध्ये कुठेतरी आहे.

त्यानंतर शेवटचा अंक. मशीनवर मोजलेल्या रक्तदाबात ० ते ९ हे शेवटचे अंक साधारण सारख्या प्रमाणात यायला हवेत. पाऱ्याच्या यंत्रावर हाताने मोजलेला असेल तर उलट, त्याच्या खुणा दोन-दोनच्या असतात आणि माणूस शून्यावर थांबतो, त्यामुळे १२०, १३०, १४० भरपूर दिसायला हवेत, विषम आकडे दिसायला नकोत. हाताने मोजला म्हणतात आणि तक्त्यात १२७, १३३, १४१ आहेत, तर विचारायचे की कोणत्या यंत्राने मोजला. खरी आकडेवारी थोडी ओबडधोबडच असते. रकाने रिकामे राहतात, रुग्ण फॉलोअपला येत नाहीत, कुणाचा रिपोर्ट हरवतो. शंभरच्या शंभर रुग्ण सहाव्या महिन्याला हजर, असे वाचले की मला आपल्या ओपीडीची आठवण येते आणि हसू येते.

फाइल मिळतच नसेल, हातात फक्त छापलेला लेख असेल, तरी एक परीक्षा कागद-पेन्सिलने होते. निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स यांची ही युक्ती, तिला ग्रिम म्हणतात. वेदनेचा स्कोअर ० ते १० अशा पूर्णांकांत घेतला आहे, गटात २८ रुग्ण आहेत आणि सरासरी ३.४५ छापली आहे. पूर्णांकांची बेरीज पूर्णांकच असणार. ९६ ला २८ ने भागले तर ३.४३ येते, ९७ ला भागले तर ३.४६. मधे काहीच नाही. म्हणजे ३.४५ ही सरासरी २८ रुग्णांची असूच शकत नाही. टायपिंगची चूक असेल, दोन रुग्ण गळाले असतील आणि सांगायचे राहिले असेल, किंवा आकडा हवेतून आला असेल. गट शंभराच्या आतला असला तरच ही परीक्षा चालते, पण आपले बहुतेक थिसिस तिथेच असतात.

एवढे झाल्यावर खरे काम उरते, आणि ते संगणकावर होत नाही. चार्टमधले कोणतेही दहा इनडोअर नंबर तुम्ही निवडा, विद्यार्थ्याने नव्हे, आणि एमआरडीतून ते पेपर काढून आणा. नाव, तारीख, निदान जुळते का बघा. अर्ध्या दिवसाचे काम आहे. मी तारखा-बिरखा बघून संशय घेते, पण संशयाचा निकाल एमआरडीच्या रॅकवरच लागतो.

चित्रांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण आपल्या क्लिनिकल थिसिसांत वेस्टर्न ब्लॉट कमी आणि स्लाइडचे, एक्स-रेचे फोटो जास्त. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये वीस हजारांहून अधिक लेखांतली चित्रे नुसत्या डोळ्यांनी तपासली, तेव्हा ३.८ टक्के लेखांत तेच चित्र दुसऱ्या नावाने वापरलेले किंवा तसाच काही दोष सापडला. त्यांनी तीन पायऱ्या मांडल्या आहेत. चित्र जसेच्या तसे दोनदा येणे, ही पुष्कळदा फाइल चुकल्याने होते. चित्र फिरवून, उलटवून किंवा शेजारचा तुकडा कापून दुसऱ्या रुग्णाच्या नावावर लावणे, इथे चूक म्हणणे अवघड जाते. आणि चित्राच्या आतला भाग उचलून त्याच चित्रात दुसरीकडे डकवणे, इथे चुकून झाले म्हणायला जागा फारच थोडी. बघताना मुख्य पेशीकडे बघू नका, पार्श्वभूमीकडे बघा: स्लाइडवरचा धुळीचा कण, डागाची कड, रंगाचा ठिपका. दोन वेगळ्या रुग्णांच्या स्लाइडवर एकाच आकाराची धूळ एकाच जागी बसत नाही. छातीचा एक्स-रे उलटवला तर हृदय उजवीकडे जाते, हे तर आपल्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही दिसेल. कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल मागितली की बहुतेक वाद मिटतात. ब्राइटनेस सगळ्या चित्रभर सारखा वाढवणे हा गुन्हा नाही, हेही रेसिडेंटला सांगून ठेवा, ती बिचारी मुले त्यालाही घाबरतात.

दुहेरी प्रकाशनाला मात्र आपण फार हलके घेतो. "काम खरेच केले आहे ना, मग दोनदा छापले तर काय झाले?" असे ज्येष्ठांकडूनही ऐकले आहे. काय होते त्याचे उत्तर पुन्हा मळमळीच्याच औषधातून मिळते. मार्टिन ट्रामेर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये 'बीएमजे'त ऑन्डान्सेट्रॉनच्या चाचण्यांचा हिशेब छापला. पूर्ण छापलेल्या अहवालांपैकी १७ टक्के आणि रुग्णांच्या माहितीपैकी २८ टक्के गुपचूप दोनदा आलेली होती. लेखकांचा क्रम वेगळा, कधी लेखकच वेगळे, आधीच्या लेखाचा उल्लेख नाही. ती सगळी माहिती स्वतंत्र समजून बेरीज केली तर औषधाचा गुण २३ टक्क्यांनी फुगत होता. ज्या चाचणीत औषध चांगले चालले तीच लोक दोनदा छापतात, हे त्याचे कारण. म्हणजे इथे एकही आकडा खोटा नव्हता आणि तरी उत्तर चुकीचे येत होते. ओळखायचे कसे? भरतीचा काळ, गटांची रुग्णसंख्या, रुग्णालय आणि उलट्या झालेल्यांचा आकडा हे चार शेजारी ठेवा. चारही जुळले तर शीर्षकाकडे दुर्लक्ष करा. थिसिस विद्यापीठाच्या संग्रहात आहे आणि त्यावरून एक लेख झाला, तर ते दुहेरी प्रकाशन नव्हे. दोन्ही संपादकांच्या संमतीने, पहिल्या लेखाचा स्पष्ट उल्लेख करून दुसऱ्या भाषेत छापणेही नव्हे. लपवणे हा दोष आहे.

आता लेख मागे घेण्याबद्दल, म्हणजे रिट्रॅक्शनबद्दल. आपल्या स्टाफरूममध्ये हा शब्द निलंबनासारखा उच्चारला जातो. प्रत्यक्षात ते संपादकाने वाचकांना दिलेले जाहीर निवेदन असते: या लेखातल्या निष्कर्षांवर आता विसंबू नका. ते कसे घडते? कुणीतरी वाचक संपादकाला लिहितो. संपादक आधी लेखकांना विचारतो, खुलासा आणि मूळ फाइल मागतो. उत्तर पटले, चूक छोटी असली तर दुरुस्ती छापून विषय संपतो. पटले नाही तर संपादक लेखकाच्या संस्थेला पत्र पाठवतो, कारण लंडनच्या किंवा बोस्टनच्या संपादकाला तुमच्या एमआरडीत पाय ठेवता येत नाही. तुमची चौकशी लांबली तर मधल्या काळात लेखावर चिंता व्यक्त करणारी सूचना लावली जाते. शेवटी लेख मागे घ्यायचा ठरला तर वेगळी, सर्वांना फुकट वाचता येईल अशी नोटीस निघते. ती कुणी काढली, लेखकांनी की संपादकाने, आणि कशामुळे, हे तिच्यात असायला हवे. मूळ लेख मिटवला जात नाही, त्यावर मागे घेतल्याची खूण मारून तो तसाच ठेवला जातो आणि पबमेडमध्ये दोन्ही एकमेकांना जोडले जातात. प्रकाशकांसाठी कोप या संस्थेने याच्या मार्गदर्शक सूचना केल्या आहेत, आयसीएमआरचेही २०१९ चे संशोधन-सचोटीचे धोरण आहे.

कागदावर हे सगळे सुरळीत दिसते. अडते ते संस्थेला आलेल्या त्या पत्रापाशी. अमेरिकेत सरकारी पैशावरच्या आरोग्य संशोधनासाठी ऑफिस ऑफ रिसर्च इंटिग्रिटी नावाची यंत्रणा आहे. आपल्याकडे तशी देशपातळीवरची, दार ठोठावता येईल अशी जागा नाही. म्हणून पत्र डीनच्या टेबलावर येते, तिथून विभागप्रमुखाकडे जाते, आणि पुष्कळदा ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याकडेच खुलाशासाठी जाऊन थांबते. संपादक आठवणपत्रे पाठवून थकतो. तोवर लेख वाचला जातो, उद्धृत होतो, कुणाच्या तरी मेटा-अनॅलिसिसमध्ये बसतो.

त्या विलंबाची किंमत कुणी मोजली असेल तर ती जर्मनीच्या योआकिम बोल्ट यांच्या प्रकरणात. अत्यवस्थ रुग्णांना हायड्रॉक्सीइथाइल स्टार्चचे द्रव देणे सुरक्षित आहे असे सांगणारे पुष्कळ काम त्यांचे होते. २००९ च्या एका लेखातले आकडे वाचकांना जास्तच गुळगुळीत वाटले, त्यांनी संपादकाला कळवले, चौकशी झाली, आणि पुढे एथिक्सची मंजुरी नसलेले त्यांचे लेख डझनांनी मागे घ्यावे लागले. २०१३ मध्ये 'जामा'त आलेल्या मेटा-अनॅलिसिसमध्ये त्यांच्या सात चाचण्या, मिळून ५९० रुग्ण, बाजूला काढल्या. उरलेल्या हजारो रुग्णांत स्टार्च दिलेल्यांचे मृत्यू आणि मूत्रपिंड निकामी होणे, दोन्ही जास्त असल्याचे स्पष्ट दिसले. सलाइनच्या बाटलीऐवजी कोणती बाटली लावायची, इतका साधा निर्णय आयसीयूत रोज घेतला जात होता, आणि तराजूच्या एका पारड्यात हे लेख पडलेले होते.

म्हणून तुमच्याकडून जे हवे ते नेमके लिहिते. सिनॉप्सिस मंजूर करतानाच एथिक्स कमिटीने लिहून घ्यावे की थिसिससोबत मास्टर चार्टची एक्सेल फाइल, नाव-पत्ता काढून, संशोधन समितीकडे जमा होईल, आणि मूळ प्रोफॉर्मे विभागात ठेवले जातील, विद्यार्थ्याच्या खोलीवर नव्हे. रेसिडेंट पास होऊन गेला की कागद जातात, ही आजची स्थिती आहे. प्रत्येक तुकडीतल्या काही थिसिसांचे दहा-दहा नंबर चिठ्ठी काढून एमआरडीशी पडताळावेत, संशयितांचेच नव्हे, कुणाचेही. सगळ्यांचेच होणार असेल तर त्यात कुणाचा अपमान राहत नाही. संपादकाचे पत्र आले तर ते विभागाबाहेरच्या, शक्यतो कॉलेजबाहेरच्या तीन माणसांकडे जावे, त्यात एक सांख्यिकी जाणणारा असावा, आणि किती दिवसांत उत्तर देणार हे संपादकाला पहिल्याच आठवड्यात कळवावे. मागे घेतलेल्या लेखांची नुसती संख्या मोजून कुणाचे गुण कापू नका. प्रेडिमेडसारखी स्वतः चूक शोधून जाहीर करणारी माणसे आणि फुजी यांच्यासारखी माणसे एकाच रकान्यात बसली तर पहिली गप्प बसायला शिकतील. संदर्भसूची तपासताना मागे घेतलेला लेख आत आला आहे का ते रिट्रॅक्शन वॉचच्या यादीत बघायला लावा, २०२३ पासून ती क्रॉसरेफकडे असून सगळ्यांना खुली आहे.

आणि एक नाजूक बाब. कित्येकदा आकडे रेसिडेंटने बनवलेले नसतात. "केस कमी पडतात, बघ काय ते," असे त्याला सांगितलेले असते. ज्याच्या सहीवर त्याची परीक्षा अवलंबून आहे त्याच्याविरुद्ध तो तक्रार करणार नाही, आणि केली तर ती कुणाकडे करायची हेही त्याला माहीत नसते. एथिक्स कमिटीत कॉलेजबाहेरचे सदस्य असतातच. त्यांच्यापैकी एकाचा फोन नंबर आणि ईमेल, "आकडेवारीबद्दल काही सांगायचे असेल तर" एवढ्या ओळीसह, पीजी ओरिएंटेशनच्या पहिल्या दिवशीच्या कागदांत छापा. नमुना ठरवताना केस किती मिळतील याचा हिशेब मागच्या तीन वर्षांच्या रजिस्टरवरून करा, म्हणजे शेवटच्या टर्ममध्ये चाळीस रुग्ण कमी पडण्याची वेळच येणार नाही. आणि तरी कमी पडले तर "९० योजले होते, ५८ मिळाले" असे लिहिलेला थिसिस नापास करायचा नाही, हे परीक्षकांना आधीच लेखी कळवा.

कळावे,

आपली,
वैद्यकीय महाविद्यालयात जैवसांख्यिकी शिकवणारी एक सहकारी